उष्टावणासाठी ओव्या कशा रचाव्यात: पहिल्या घासाचं गाणं, अक्षर मोजण्यापासून म्हणण्यापर्यंत

बारशाला पाळणा म्हणतात, लग्नात मंगलाष्टकं म्हणतात. उष्टावणाला मात्र बहुतेक घरांत औक्षण झालं की मामा घास भरवतो, टाळ्या वाजतात आणि फोटो निघतात. त्या घासाच्या आधी घरातल्या कुणी बाळाचं नाव घालून चार ओव्या म्हटल्या, तर सगळ्यांचं लक्ष कॅमेऱ्यावरून बाळाकडे येतं. अशा ओव्या रचायला कवी असावं लागत नाही. ज्यांनी आयुष्यात एकही ओळ जुळवलेली नाही, अशा आत्या, मावशी, काका आणि आजोबांसाठी हे लिहितो आहे. उदाहरण म्हणून माझ्या मावसबहिणीच्या लेकीच्या, रेवाच्या, उष्टावणासाठी केलेलं गाणं घेतो आणि त्यातली प्रत्येक ओवी कशी झाली ते सांगतो.

आधी प्रसंग नीट पाहा

गाणं विधीच्या क्रमाने गेलं तर ते लिहायलाही सोपं जातं आणि म्हणायलाही. म्हणून आधी त्या घरात काय काय होणार आहे हे विचारून घ्या. साधारण क्रम असा असतो: चौरंगाभोवती रांगोळी, बाळाला नवं झबलं आणि कुंची, मामाच्या मांडीवर बसवणं, आजी किंवा घरातल्या सुवासिनी औक्षण करतात, मग चांदीच्या वाटीतून पहिला घास. काही घरी सोन्याची अंगठी खिरीत बुडवून बाळाच्या ओठांना लावतात. काही घरी नंतर बाळासमोर पुस्तक, लेखणी, दागिना, एखादं हत्यार अशा वस्तू मांडून ते कशाला हात घालतं ते पाहतात. तुमच्या घरी जे होणार नाही ते गाण्यात घालू नका. मामा परदेशात असेल आणि काका भरवणार असेल, तर गाण्यातही काकाच हवा.

मुलीचं उष्टावण विषम महिन्यात आणि मुलाचं सम महिन्यात करायचा रिवाज बऱ्याच घरांत पाळतात. बालरोगतज्ज्ञ सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू करायला सांगतात. रेवाला सातवा लागला तेव्हा केलं, म्हणजे आजी आणि डॉक्टर दोघांचंही ऐकलं गेलं.

वाटीत काय असणार हेही विचारून घ्या, कारण गाण्यात पदार्थाचं नाव येतं. जुन्या विधीत दही, मध आणि तूप घातलेला भात सांगितला आहे. आता मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, बोटावर चाटवायचाही नाही. मधात कधी कधी असे जिवाणू असतात की त्यांच्यामुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून ओवीत ‘मध’, ‘मधाचं बोट’ असे शब्द आणू नका. गाण्यात मध आला की कुणीतरी प्रेमळ आजी स्वयंपाकघरातून बाटली घेऊन येते. साखर आणि मीठही पहिल्या वर्षी लागत नाही. रेवासाठी आंबेमोहराचा अगदी मऊ शिजवलेला, चमच्याने मळून गाळणीतून काढलेला भात आणि त्यावर चार थेंब तूप एवढंच होतं, आणि गाण्यातही तेवढंच आलं.

आठ अक्षरांचा साचा

नवख्या माणसाने अष्टाक्षरी धरावी असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक चरणात आठ अक्षरं, असे चार चरण, आणि दुसऱ्या व चौथ्या चरणाच्या शेवटी यमक. बहिणाबाई चौधरींची कितीतरी गाणी या चालीवर चालतात, त्यामुळे मराठी कानाला ती लगेच ओळखीची वाटते आणि पाहुण्यांना न शिकवता मागून म्हणता येते. ज्ञानेश्वरीतली साडेतीन चरणांची ओवी सुंदर आहे, पण तिच्यात अक्षरं ठरलेली नसतात. तोल कानाने सांभाळावा लागतो, आणि नवशिक्याचा तोल तिथेच जातो.

मोजायची रीत सोपी आहे. स्वर असलेलं प्रत्येक अक्षर एक धरायचं. जोडाक्षर एकच: ‘अन्न’ म्हणजे अ आणि न्न, दोन अक्षरं. अनुस्वाराने संख्या वाढत नाही. ह्रस्व-दीर्घाचा इथे हिशोब नाही. पाय मोडलेलं अक्षर वेगळं मोजत नाहीत.

आता पहिली ओळ पाहा. मनात सहज येतं ते ‘आज रेवाचं उष्टावण आहे’. मोजलं तर अकरा अक्षरं. यातलं ‘आज’ आणि ‘आहे’ सगळ्यांना माहीतच आहे, ते काढलं की उरतं ‘रेवाचं उष्टावण’, सात अक्षरं. एक कमी पडतं, तिथे ‘गं’ घालायचा: रे-वा-चं-गं, उ-ष्टा-व-ण. आठ झाली. ‘गं’ आणि ‘रे’ हे आपल्या लोकगीतांतले हक्काचे शब्द आहेत, ते भरतीचे वाटत नाहीत, उलट ओळीला मायेचा सूर देतात. मात्र एका ओवीत दोनपेक्षा जास्त नकोत.

या ओळीत आणखी एक गोष्ट आपोआप जमली आहे. चार अक्षरांनंतर शब्द संपतो आणि दुसरा सुरू होतो. टाळीवर म्हणताना चारावर एक टाळी आणि आठावर दुसरी पडते, म्हणून चौथ्या अक्षराला शब्द तुटला नाही तर ओळ गुळगुळीत चालते. हे कळायला ‘आंबेमोहराचा भात’ ही ओळ मोठ्याने म्हणा. अक्षरं बरोबर आठ आहेत, पण टाळी ‘ह’वर पडते: आंबेमोह, राचाभात. जीभ अडखळते. तेच ‘वास आंबेमोहराचा’ म्हटलं की टाळी ‘आंबे’वर पडते, तिथे शब्दाला नैसर्गिक सांधा आहे, आणि ओळ सुटते. वहीत मोजून बरोबर आलेली ओळ तोंडात अडत असेल, तर दोष बहुतेक या चौथ्या अक्षराशीच सापडतो. शब्द मागेपुढे करून पाहा, नवा शब्द शोधायची गरज क्वचितच पडते.

दुसरी अडचण बोलीतल्या अक्षरांची. आपण लिहितो ‘उष्टावण’, चार अक्षरं, पण बोलताना शेवटचा ‘ण’ जवळजवळ पाय मोडून म्हणतो. गाताना त्यातला ‘अ’ परत आणावा लागतो, ‘उष्टावणऽ’ असा. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या बायका हे न सांगता करतात, नव्या पिढीला सांगावं लागतं. नाहीतर ओळ सातच अक्षरांची वाटते आणि म्हणणारा घाईत पुढे पळतो.

शब्द एका अक्षराने कमी पडला तर मराठी कवितेत जुनी सोय आहे: ‘डोळ्यांत’चं ‘डोळियांत’, ‘करून’चं ‘करूनिया’. ही सोय संपूर्ण गाण्यात एकदाच वापरा. जास्त वापरली की गाणं जुन्या पोथीसारखं ऐकू येतं आणि घरातल्या बोलीपासून तुटतं.

पहिल्या तीन ओव्या: जे दिसतं ते

सुरुवातीच्या ओव्यांत आशीर्वाद देऊ नका. समोर जे चाललं आहे ते सांगा. पाहुणे अजून बसत असतात, कुणी निरांजन शोधत असतं, त्या गडबडीत मोठा विचार कुणाच्या कानात शिरत नाही. डोळ्यांसमोरची गोष्ट सांगितली की मात्र सगळे तिकडे बघतात.

पहिल्या ओवीसाठी मी आधी यमकाचे शब्द शोधले. मांडीवर बसवणं तर येणारच होतं, त्याला जुळणारं काय, तर कुंची डोईवर. दोन्ही खऱ्या वस्तू, दोन्ही त्या क्षणी खोलीत असलेल्या.

रेवाचं गं उष्टावण,
नवी कुंची डोईवर;
चौरंगाशी रांगोळी गं,
मामा घेई मांडीवर.

यमक असं शेवटाकडून शोधावं. आधी चौथ्या चरणाचा शेवट पक्का करा, मग दुसऱ्याचा, आणि पहिला व तिसरा चरण मोकळे असतात ते सगळ्यात शेवटी भरा. पहिल्या ओळीपासून लिहीत गेलं की चौथ्या ओळीला यमकासाठी ओढूनताणून शब्द आणावा लागतो आणि तो ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

दुसरी ओवी औक्षणाची. इथे मला तबकातल्या दोन ज्योती आणि बाळाचे डोळे एकत्र आणायचे होते, कारण निरांजन ओवाळताना बाळ खरंच ज्योतीकडे टक लावून बघतं.

आजी करी औक्षण गं,
दोन ज्योती तबकात;
रेवा पाही टकमक,
दोन तारे डोळियांत.

तिसरी घासाची.

मऊ मऊ भात शिजे,
वास आंबेमोहराचा;
घास भरे चिमुकला,
मामाला गं मान त्याचा.

इथे थांबायचं. मामा घास भरवतो तो इथेच. बाळाच्या तोंडात अन्न असताना गाणं, टाळ्या, हसवणं सगळं बंद ठेवा. सहा-सात महिन्यांचं बाळ गिळायला आत्ता शिकतं आहे, हसताना किंवा दचकून श्वास ओढताना घास घशात अडकू शकतो. चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच भात, कोमट, आणि बाळ मांडीवर रेललेलं नको, बसतं धरलेलं हवं. बाळाने जिभेने घास बाहेर ढकलला तरी बिघडलं नाही, त्या वयाला ते स्वाभाविक आहे. पुन्हा जबरदस्ती करू नका. तोंड रिकामं झालेलं दिसलं की पुढच्या ओव्या सुरू करायच्या.

आशीर्वाद कसा मागावा

गाणं बिघडतं ते इथे. हात आपोआप ‘सुख, समृद्धी, यश, कीर्ती’ लिहायला जातो. हे शब्द शुभेच्छापत्रांत इतके वापरले गेले आहेत की ओवीत आले की कुणाला काही दिसत नाही. आरोग्य मागायचं असेल तर ते शरीरात कसं दिसेल ते मागा. भाग्य मागायचं असेल तर ते घरात कसं दिसेल ते मागा.

मला वाट सापडली ती विधीतल्या मंत्रातच. अन्नप्राशनाच्या वेळी जो वैदिक मंत्र म्हटला जातो, त्यात अन्नाच्या स्वामीकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, आम्हाला रोग न आणणारं, बळ देणारं अन्न दे, आमच्या माणसांना आणि गुराढोरांनाही. दुसरी, जो देतो त्यालाही पुढे ने. म्हणजे अंगी लागणारं अन्न आणि देणारा हात. माझ्या चौथ्या आणि पाचव्या ओवीचा मजकूर एवढाच आहे.

चौथी ओवी आरोग्याची. ‘अंगी लागणं’ हा आपल्या आयांचा नेहमीचा शब्द, खाल्लेलं अंगी लागलं म्हणजे सगळं आलं.

पोटी पचो, अंगी लागो
दाणा दाणा ताटातला;
बळ येवो पावलांना,
नाद येवो अंगणाला.

‘ताप न येवो, खोकला न येवो’ असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. शुभप्रसंगी वाईटाचं नाव ‘नको’ म्हणूनही घेत नाहीत, हा संकेत घरातल्या मोठ्यांना फार जवळचा असतो, आणि गाण्याच्या दृष्टीनेही तो बरोबर आहे: ‘ताप न येवो’ ऐकलं की डोळ्यांसमोर तापच येतो. आजारपण टळावं याऐवजी पाय चालावेत, अंगणात पैंजण वाजावेत, असं मागा.

पाचवी भाग्याची.

भरलेली राहो वाटी,
भरलेलं राहो घर;
तुझ्या दारी आला कोणी,
त्याला वाढ घासभर.

या ओवीत बोलणं कुणाशी आहे ते बदलतं. पहिल्या तीन ओव्या पाहुण्यांना सांगितल्या, चौथीत देवाकडे मागितलं, आणि इथे ‘तुझ्या दारी’ म्हणून आपण बाळाकडे वळलो. हा बदल एकदाच आणि ठरवून करा. एका ओळीत ‘तिला’ आणि पुढच्या ओळीत ‘तू’ असं होत राहिलं तर ऐकणारा गोंधळतो. वळण कुठे घ्यायचं याचा माझा नियम एवढाच: भरवून झाल्याशिवाय बाळाशी थेट बोलायचं नाही, म्हणजे शेवटच्या ओव्या म्हणताना सगळे बाळाकडे तोंड करून म्हणतात.

सहावी ओवी आयुष्याची. शंभर वर्षांचा आशीर्वाद आपल्याकडे फार जुना आहे, तो आलाच पाहिजे. ‘शंभर’ला यमक ‘अंबर’.

औक्षवंत हो गं रेवा,
वर्षं जग शंभर तू;
आज बस मांडीवर,
उद्या गाठ अंबर तू.

‘शंभर दिवे लाव’ असंही सुचू शकतं. पण ‘दिवे लावले’ हे आपण ज्या सुरात म्हणतो, तो सूर मागच्या रांगेतल्या एखाद्या काकांना आठवेलच. लिहून झाल्यावर प्रत्येक ओळ एकदा अशा कानाने ऐका.

आशीर्वादाच्या ओळींत रंग, रूप आणि लग्न आणू नका. ‘गोरी गोमटी’, ‘वंशाचा दिवा’, ‘नवरी होऊन जाईल’ हे जुन्या गाण्यांत सर्रास येतं, पण हे गाणं उद्या त्या मुलीला कुणीतरी वाचून दाखवणार आहे. मुलासाठी आणि मुलीसाठी एकच आशीर्वाद चालेल असं लिहिलं, तर ते दोघांनाही पुरतं.

तुमच्या घरच्या नावांसाठी बदल

वरचं गाणं तसंच घेऊन नाव बदललं तरी चालेल, फक्त अक्षरं पुन्हा मोजा. दोन अक्षरी नावाला काही करावं लागत नाही, मुलगा असेल तर ‘गं’च्या जागी ‘रे’ येतो. तीन अक्षरी नावाला ‘गं’ किंवा ‘रे’ काढून जागा करा. कबीर नावाचा मुलगा घेऊ. पहिली ओळ होते ‘कबीरचं उष्टावण’: क-बी-र-चं, उ-ष्टा-व-ण. दुसऱ्या ओवीत ‘कबीर पाही’ ही पाच अक्षरं होतात, तिथे ‘बाळ पाही टकमक’ म्हणा. शेवटी ‘औक्षवंत हो कबीर’, बरोबर आठ, आणि नाव चरणाच्या शेवटी आल्यामुळे ते जास्त ठसठशीत वाजतं. चौथ्या ओवीत काहीच बदलत नाही. चार-पाच अक्षरी नाव असेल तर ते कोंबू नका, घरी ज्या नावाने हाक मारतात ते घ्या. बाळ ज्या हाकेला मान वळवतं तेच नाव गाण्यात शोभतं.

मामाऐवजी काका असेल तर ‘काका घेई’ आणि ‘काकाला गं’ जसंच्या तसं बसतं. मावशी भरवणार असेल तर ‘मावशी घे मांडीवर’ आणि ‘मावशीला मान त्याचा’. आंबेमोहर नसून इंद्रायणी असेल तर ‘वास इंद्रायणीचा गं’ ही ओळ आठ भरते, पण मग चौथ्या चरणाचंही यमक ‘गं’वर न्यावं लागेल: ‘मान तिथे मामाचा गं’. एक शब्द हलवला की त्याचा जोडीदार तपासायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. कोकणात किंवा गोव्यात घरी उकड्या तांदळाची पेज करत असाल तर ‘भात शिजे’च्या जागी ‘पेज शिजे’ म्हणता येईल. ‘वास उकड्या भाताचा’ या ओळीला मात्र अक्षरं आठ असूनही चारावर अडखळ येते, तिथे ‘वास येई तांदळाचा’ हे सरळ जातं.

म्हणायचं कसं

सहा ओव्यांपेक्षा जास्त नकोत. बाळ भुकेलं असतं, कुंचीने त्याला उकडत असतं आणि खोलीत खूप माणसं असतात. बाळ कुरकुरायला लागलं तर पहिल्या दोन ओव्या सोडा आणि थेट तिसरीवर या. गुरुजी असतील तर त्यांचे मंत्र आणि तुमच्या ओव्या एकमेकांवर येऊ देऊ नका. आधीच विचारून, त्यांचं झाल्यावर आणि घासाच्या आधी जागा मागून घ्या, ते आनंदाने देतात.

एकाने प्रत्येक ओवी म्हणावी आणि बाकीच्यांनी शेवटचा चरण दोनदा मागून म्हणावा. ‘मामा घेई मांडीवर’ असं सगळ्यांनी म्हटलं की मामाही भानावर येतो आणि बाळाला नीट धरतो. टाळी हलकी हवी, दोन बोटांची. जोराच्या टाळीने बाळ दचकतं. कुणी नातेवाईक व्हिडिओ कॉलवर असतील तर त्यांना सोबत म्हणायला लावू नका. आवाज उशिरा पोहोचतो आणि ताल तुटतो. परदेशातल्या आजीसाठी अख्खी एक ओवी राखून ठेवा, ती तिने एकटीने म्हणावी आणि इकडे सगळ्यांनी शांत राहावं. पाचवी त्यासाठी चांगली, कारण तोवर घास भरवून झालेला असतो.

आदल्या रात्री गाणं मोठ्या अक्षरांत एका बाजूला मावेल असं लिहून त्याच्या तीन-चार प्रती काढा. औक्षण करणारीचे दोन्ही हात तबकात असतात, तेव्हा तिच्यासमोर कागद धरायला एक मूल नेमून ठेवा. तिसऱ्या ओवीखाली जाड रेघ मारा आणि तिथे लिहा: ‘थांबा, घास’.